पद राहतं, खुर्ची राहत नाही

१९९४ सालच्या जुलैमधली गोष्ट. पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आलो, तर शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी स्टॅम्पपेपर पसरून बसला होता. त्याला अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता, कॉलेजने अध्ययन रजा मंजूर केली होती, पगारही चालू राहणार होता. बंधपत्रावर दोन कायम शिक्षकांच्या जामीनदार म्हणून सह्या हव्या होत्या. एक झाली होती. "तुझी तेवढी दे, नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं म्हणून त्याने पेन पुढे केलं. दुसऱ्या तासाची घंटा व्हायला चार मिनिटं होती. मी न वाचता सही केली.

तो परत आला नाही. त्याला तिथेच नोकरी लागली, मुलं तिथल्या शाळेत गेली, आणि पाचव्या वर्षी माझ्या घरी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली. रजेच्या काळात त्याला दिलेला पगार आणि त्यावरचं व्याज माझ्याकडून का वसूल करू नये, असा प्रश्न तिच्यात विचारला होता. मी वकिलाकडे धावलो. त्यांनी भारतीय करार कायद्याचं कलम १२८ उघडून दाखवलं. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोच्या मागे लागा, मग जामीनदाराकडे या, असा क्रम कायद्याने घालून दिलेला नाही. सहकारी पळपुटा नव्हता. त्याने मुद्दल हप्त्याहप्त्याने भरलं. व्याजाचा शेवटचा ४१ हजारांचा तुकडा मात्र मी भरला, कारण तोवर माझी बढतीची फाईल त्या नोटिशीखाली दबून बसली होती. तेव्हा ४१ हजारांत दुचाकी यायची.

त्या दिवसापासून मी बंधपत्रं वाचू लागलो. माजी विद्यार्थी आणून देतात, ओळखीचे पाठवतात. परदेशी पदवीसाठी मालकाकडून रजा किंवा पैसे घेणाऱ्या माणसाच्या हातात तीन कागद असतात, रजेचं पत्र, खर्चाचं पत्र आणि बंधपत्र. गंमत अशी की वाचला जातो तो फक्त दुसरा. फी किती मिळणार, तिकीट मिळणार का, एवढं पाहिलं की माणूस खूश होऊन बाकीच्या दोन कागदांवर सह्या करतो. पुढची सगळी भांडणं मात्र त्या दोनांतूनच निघतात.

आधी बंधपत्राबद्दलचा एक मोठा गैरसमज. "बाँड आहे म्हणजे तीन वर्षं सोडताच येणार नाही," असं लोक धास्तावून म्हणतात. सोडता येतं. मनाविरुद्ध एखाद्या कंपनीत काम करत राहा, असा हुकूम आपल्याकडची न्यायालयं देत नाहीत. उलट बाजूला, "असले बाँड कोर्टात टिकत नाहीत," असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. त्याचंही खरं नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं गोळीकरी यांचं प्रकरण कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात ते शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा होता. परदेशी कंपनीकडून आणलेलं टायरसाठीच्या धाग्याचं तंत्र त्यांना शिकवलं गेलं आणि मुदत संपण्याआधीच ते कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेले. न्यायालयाने त्यांना कल्याणला परत पाठवलं नाही. पण कराराची मुदत संपेपर्यंत तसंच काम दुसरीकडे करायचं नाही, ही अट वैध ठरवली. अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या एका माजी अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा ग्राह्य धरली.

तेव्हा बंधपत्र बांधतं ते पैशाने. आणि हा पैसा किती, यालाही कायद्याचं एक कुंपण आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा समजायची, न्यायालय तिच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवतं. कंपनीने खर्च केले आठ लाख आणि बाँड लिहून घेतला पन्नास लाखांचा, तर पन्नास लाख आपोआप पदरात पडत नाहीत. मात्र वाजवी किती, हे ठरायला दिवाणी न्यायालयात जी वर्षं जातात, तेवढ्यात माणसाचे केस पिकतात. भांडायचं ते सही करण्याआधी, असं मी म्हणतो ते यासाठीच.

सरकारी आणि विद्यापीठीय नोकरीत भांडायला फारसा वाव नसतो, कारण अटी नियमांत छापलेल्या असतात. केंद्र सरकारच्या १९७२च्या रजा नियमांप्रमाणे अध्ययन रजेसाठी पाच वर्षांची नियमित सेवा हवी, एका वेळी साधारणतः १२ महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून २४ महिने रजा मिळते. सरकारी डॉक्टरांच्या केंद्रीय सेवेला यापेक्षा जास्त मुभा आहे. विषय कामाशी जुळणारा हवा, आणि ज्या विषयाची पुरेशी सोय भारतात आहे त्यासाठी परदेशी रजा मिळत नाही. ही शेवटची ओळ अर्ज करताना लोक विसरतात आणि मग अर्ज फेटाळला म्हणून हळहळतात. परदेशातल्या रजेत मूळ वेतन आणि महागाई भत्ता चालू राहतो, फी मात्र सहसा स्वतःच भरायची असते. परतल्यावर तीन वर्षं सेवा करायचं बंधपत्र द्यावं लागतं. त्याआधी सोडलं, परत आलाच नाहीत किंवा अभ्यासक्रम अर्धवट टाकलात, तर रजावेतन आणि झालेला खर्च व्याजासकट परत करावा लागतो. महाराष्ट्र सरकारचे १९८१चे स्वतःचे रजा नियम आहेत, राज्य कर्मचाऱ्याने ते पाहावेत.

कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांना यूजीसीची २०१८ची नियमावली लागू होते. सहायक प्राध्यापकाला तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर अध्ययन रजा मिळू शकते, आधी दोन वर्षं आणि पुढे गरज पडल्यास आणखी एक. दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकाकडून प्रगतीचा अहवाल पाठवायचा असतो, तो वेळेत पोचला नाही तर रजेचा पगार अडू शकतो. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या कटकटी या अहवालापाशी सुरू झाल्या. परदेशी मार्गदर्शक आपल्या अहवालाच्या घाईत नसतो, आणि इथला लेखनिक त्याच्या सहीची वाट पाहत पगार रोखून बसतो. त्यावर तोडगा सोपा आहे. पहिल्याच भेटीत मार्गदर्शकाला सांगून ठेवायचं की दर सहा महिन्यांनी मला एका पानाचं पत्र लागेल.

आता परतल्यावरच्या जागेचं. सरकारी नोकरीत यासाठी एक जुना, भक्कम शब्द आहे, धारणाधिकार. कचेरीत त्याला लियनच म्हणतात. कायम कर्मचारी अध्ययन रजेवर गेला तरी त्याचा पदावरचा धारणाधिकार सुटत नाही. रजेचा काळ ज्येष्ठतेला, वेतनवाढीला आणि निवृत्तिवेतनाला धरला जातो. त्यामुळे परतल्यावर नोकरी आहे का, ही चिंता त्याला नसते. पण धारणाधिकार असतो पदावर, आणि पद म्हणजे खुर्ची नव्हे. तुम्ही अमुक विभागात, अमुक शहरात, अमुक टेबलावर होतात, तिथे दोन वर्षांत दुसरा माणूस बसतो आणि तो उठत नाही. तुम्हाला त्याच पदनामावर, त्याच वेतनस्तरावर दुसरीकडे पाठवलं तर तक्रारीला जागा नसते. जलसिंचनात पदव्युत्तर पदवी घेऊन आलेला एक अभियंता परतल्यावर इमारत देखभालीच्या शाखेत बसलेला मी पाहिला आहे. त्याचं पद जसंच्या तसं होतं.

खासगी कंपनीत धारणाधिकार नावाची गोष्टच नाही. शिकून आलेल्या कर्मचाऱ्याला जुनी जागा द्यायलाच हवी, असा कायदा आपल्याकडे नाही. तिथे हक्क असतो तो फक्त कागदावर लिहिलेल्या वाक्याचा. म्हणून खासगी नोकरीतलं एक उदाहरण जरा निवांतपणे पाहू.

दीड वर्षापूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. संख्याशास्त्राची पदवी, मग व्यवस्थापनाची पदविका, आणि आता चाकणच्या एका वाहनभाग बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं. वर्षाला १४ लाख पगार. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात पुरवठा-साखळी व्यवस्थापनाच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला होता आणि कंपनी पैसे द्यायला तयार झाली होती. फीचे २५ लाख, वर्षभर अर्धा पगार म्हणजे ७ लाख, येण्याजाण्याचं तिकीट वगैरे मिळून १ लाख. एकूण ३३ लाख. "सर, हे जरा बघता का? सोमवारी सही करायची आहे." पाचशेच्या स्टॅम्पपेपरला जोडलेली सहा पानं होती. तो शुक्रवार होता.

तिसऱ्या पानावर वसुलीचं कलम होतं. परतल्यावर ३६ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ४० लाख रुपये द्यावे लागतील. बस, एवढंच. खर्च ३३ लाख, आकडा ४० लाख, वरचे ७ लाख कशाचे ते लिहिलं नव्हतं. मी तिला कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, समज तू परत आलीस, २० महिने काम केलंस आणि मग लग्नामुळे किंवा चांगल्या संधीमुळे निघालीस. या कलमाप्रमाणे ४० लाख. ज्या कंपन्या वर्षाच्या हिशेबाने सूट देतात, त्यांच्याकडे एक पूर्ण वर्ष झालं म्हणून तिसरा हिस्सा कमी, म्हणजे ३३ लाखांतले २२ लाख. आणि महिन्याच्या हिशेबाने सूट असेल, तर उरलेल्या १६ महिन्यांपुरते, म्हणजे ३३ लाख गुणिले १६ भागिले ३६, साधारण १४ लाख ६७ हजार. माणूस तोच, कंपनी तीच, सोडायची तारीखही तीच. फक्त कलमातली वाक्यरचना बदलली, आणि रक्कम ४० लाखांवरून पंधरा लाखांच्या आत आली. मुदत तीनऐवजी दोन वर्षं करा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा महिन्यागणिक सूट मागणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. शिवाय कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ती द्यायला फारसं जड जात नाही, कारण खर्च केलेला पैसा तेवढा परत मिळणार असतो.

दुसरी गोष्ट, घड्याळ कधी सुरू होतं? तिच्या कागदात लिहिलं होतं, "पदवी प्रमाणपत्र सादर केल्याच्या तारखेपासून." ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.एस्सी.चा प्रबंध उन्हाळ्याच्या अखेरीस द्यायचा असतो, निकाल त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी लागतो आणि छापील प्रमाणपत्र पदवीदान समारंभाच्या आसपास हातात येतं. ती ऑक्टोबरात कामावर रुजू झाली आणि प्रमाणपत्र जानेवारीत आलं, तर मधले तीन महिने तिने काम केलं, पण बाँडमध्ये ते धरलेच जाणार नाहीत. घड्याळ रुजू झाल्याच्या दिवशी सुरू व्हायला हवं, प्रमाणपत्र निकालानंतर अमुक दिवसांत द्यायचं, असं लिहून घ्यावं. त्याच पानावर, बिनपगारी रजेचे दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत, असंही होतं. ते ठीक. पण बाळंतपणाची रजाही त्यात ओढली होती. बाळंतपणाची रजा पगारी आणि कायदेशीर हक्काची. ती वेगळी काढायला सांगितली.

तिसरी गोष्ट तिला सुचलीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही चार-पाच बंधपत्रं वाचून झाल्यावर सुचली. कलमात शब्द होते, "कोणत्याही कारणाने नोकरी संपुष्टात आल्यास." म्हणजे कंपनीने कपात करून तिलाच काढलं तरी ४० लाख तिनेच द्यायचे. कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला, विभागच बंद केला, कंपनी विकली, तरीही तिच्याकडूनच वसुली. त्याऐवजी "कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास" एवढंच हवं. कंपनीने काढलं, तर बाँड तिथेच संपायला हवा. यावर पहिल्यांदा कंपनी नाक मुरडते. पण तुम्हीच मला काढाल आणि फीही माझ्याकडून घ्याल का, असं समोर बसून विचारलं की उत्तर देणाऱ्यालाही ते पटतं.

पाचव्या पानावर कोऱ्या चेकची मागणी होती, तारीख आणि रक्कम न भरलेल्या दोन चेकची. इथे मी तिला स्पष्ट नाही सांगायला लावलं. बाँड मोडला तर प्रकरण दिवाणी राहतं. चेक वटला नाही तर ते परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारीत जातं. बाँडच्या रकमेबद्दल वाजवी-अवाजवी असा वाद घालता येतो, पण सही करून दिलेला कोरा चेक हातात असला की त्या वादाची जागाच आकसते. मूळ पदवी प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची मागणी काही ठिकाणी होते, तिलाही हेच उत्तर. छायाप्रत द्या, मूळ कागद तुमच्या कपाटात ठेवा.

आणि शेवटच्या पानावर जामीनदाराचे दोन रकाने. एकात वडील, दुसरा रिकामा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसू लागलो.

परतीच्या जागेबद्दल सहा पानांत एक वाक्य होतं, "व्यवसायाच्या गरजेनुसार योग्य पदावर सामावून घेतलं जाईल." तिच्या विभागप्रमुखाने तोंडी सांगितलं होतं की तुझी जागा मी ठेवतो, काळजी करू नको. तो मनापासून बोलत असेल यात शंका नाही. पण दीड वर्षात तोच दुसऱ्या कंपनीत गेलेला असू शकतो, आणि नवा प्रमुख येईल त्याने हे वाक्य ऐकलेलं नसतं. तोंडी शब्दाला साक्षीदार नसला की त्याचा उपयोग चहाच्या टपरीपुरता.

"तीच जागा" लिहून मागितली तर कंपनी सहसा देत नाही, आणि तिचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही. वर्षभर काम थांबवून ठेवता येत नाही, कोणीतरी ते करतो आणि मग ते त्याचं होतं. म्हणून मागायचं ते तुकड्यातुकड्याने. आताची श्रेणी आणि तिच्याखाली येणार नाही असा पगार, ही पहिली गोष्ट. कामाचं क्षेत्र, म्हणजे पुरवठा-साखळी किंवा नियोजन, कारण ज्यासाठी पाठवताय तेच काम मिळालं नाही तर पदवीचा उपयोग काय. ठिकाण, म्हणजे पुणे परिसर. परतल्यावर किती दिवसांत हे मिळेल त्याची मुदत, साठ दिवस धरा. आणि या सगळ्याला जोडलेलं एक वाक्य, की ठरलेल्या मुदतीत अशी जागा दिली गेली नाही तर बंधपत्र रद्द समजलं जाईल. माझ्या मते सहा पानांमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. कंपनीने ३६ महिन्यांना ४० लाखांची किंमत लावली आहे, तर तिच्या वचनालाही काहीतरी किंमत असायला हवी. ती नसेल, तर हे बंधपत्र नव्हे, बिनव्याजी कर्जाचा दस्त आहे, आणि त्याकडे तसंच पाहावं.

रजेच्या पत्रातही एक जागा तपासायची असते. काही कंपन्या "रजा" म्हणतात आणि कागदावर राजीनामा घेऊन, परतल्यावर नव्याने नेमणूक देतात. सोपं पडतं म्हणून. पण त्यात सात वर्षांची सलग सेवा तुटते. ग्रॅच्युइटी मोजताना, बढतीचा अनुभव धरताना, नोटिशीचा काळ ठरवताना माणूस पुन्हा पहिलीत बसतो. "सेवेत खंड न पडता मंजूर केलेली रजा" हे शब्द पत्रात असलेच पाहिजेत. घरच्यांचा आरोग्य विमा कंपनीच्या गटविम्यातून असेल, तर तो रजेच्या वर्षात चालू राहणार का, हेही त्याच पत्रात लिहून घ्यावं. तिच्या आईला मधुमेह होता. हा प्रश्न तिने विचारला आणि उत्तर यायला नऊ दिवस लागले, कारण तोवर कंपनीत तो कोणीच विचारला नव्हता. बढतीचं मात्र पाणी सोडावं. रजेच्या वर्षाचं मूल्यमापन होत नाही, वेतनवाढ मिळत नाही, बरोबरीचे लोक एक पायरी पुढे जातात. सरकारी माणसाला नियम सांभाळून घेतात, खासगी माणसाला हे नुकसान हिशेबात धरूनच निघावं लागतं.

एक सापळा परदेशात गेल्यावर लागतो. अर्धा पगार चालू असतो, म्हणून इथून हळूच फोन येतात. महिनाअखेरचा अहवाल तेवढा बघशील का, नव्या मुलाला आठवड्यातून दोन तास समजावशील का? ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पुण्याच्या कंपनीसाठी लॅपटॉपवर केलेलं कामही त्या २० तासांत धरलं जातं. कॉलेजबाहेरच्या कॅफेतली नोकरी आणि चाकणचा अहवाल मिळून मर्यादा ओलांडली, तर व्हिसा जातो तो विद्यार्थ्याचा. त्यामुळे रजेच्या काळात कोणतंही काम दिलं जाणार नाही, अशी एक ओळ पत्रात असलेली बरी. पगार आहे तो रजेचा, कामाचा नव्हे.

आणि दुसरा सापळा मोहाचा. अमेरिकेत शिकणाऱ्याला पदवीनंतर १२ महिने काम करायची परवानगी मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयात त्यावर आणखी २४ महिने. ब्रिटनमध्येही पदवीनंतर काही काळ राहून काम करता येतं. डोळ्यांपुढे डॉलर-पौंडातला पगार असताना इथल्या बाँडची रक्कम लहान वाटू लागते, आणि काहीजण तिथूनच पैसे भरून मोकळे होतात. त्यात अनैतिक काही नाही. करारात लिहिलेली किंमत मोजून बाहेर पडणं हा करार पाळण्याचाच एक प्रकार आहे. फक्त हा विचार असेल, तर रक्कम रुपयांत आणि प्रत्यक्ष खर्चाइतकी लिहून घेतलेली असावी, परतफेडीच्या दिवशीच्या दराने पौंडात मोजायची नव्हे. आणि जामीनदाराला आधी कळवावं. माझ्या सहकाऱ्याने एक पोस्टकार्ड टाकलं असतं, तरी माझी दोन वर्षांची झोप वाचली असती.

ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, त्यांनी कंपनीकडून पैसे न घेता फक्त बिनपगारी रजा मागावी, असं मी सुचवतो. कंपनीने खर्चच केला नाही, तर मोठा बाँड मागायला तिच्याकडे तोंड नसतं. शिष्यवृत्तीच्या अटी मात्र वेगळ्या वाचायच्या. चेव्हनिंगसारख्या ब्रिटिश शिष्यवृत्तीत, शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. कंपनीची मुदत आणि ही मुदत एकाच वेळी पळत असतील तर हरकत नाही, पण तारखा शेजारीशेजारी मांडून पाहाव्यात.

माझ्या विद्यार्थिनीचं काय झालं, ते सांगतो. सोमवारची सही तीन आठवडे पुढे गेली. महिन्यागणिक सूट मिळाली, रक्कम ४० वरून ३३ लाखांवर आली, घड्याळ रुजू होण्याच्या तारखेपासून धरायचं ठरलं, कोरे चेक गेले. कंपनीने काढल्यास बाँड संपेल, हेही मान्य झालं. बाळंतपणाच्या रजेवर त्यांनी वेळ लावला, पण शेवटी तो शब्द खोडला. परतीच्या जागेवर गाडी अडली. "पुरवठा-साखळी" आणि "पुणे" हे दोन्ही शब्द त्यांनी नाकारले, श्रेणी आणि पगार लिहून दिला, साठाचे नव्वद दिवस केले, आणि नव्वद दिवसांत जागा न मिळाल्यास बंधपत्र रद्द, हे वाक्य राहू दिलं. जामीनदारांपैकी एकच पुरे, असं म्हणून दुसरा रकाना त्यांनीच काढून टाकला.

ती गेल्या ऑक्टोबरात परत आली. जुना विभागप्रमुख तोवर चेन्नईला गेला होता आणि तिच्या टेबलावर दुसरा मुलगा बसत होता. तिला एकाहत्तराव्या दिवशी त्याच श्रेणीत, आयात-नियोजनाच्या नव्या गटात जागा मिळाली. तिचा बाँड आणखी दोन वर्षं आणि काही महिने चालेल.